सख्खी भावंडं, आयरिश आजी एकच, मग डीएनए अहवालात दादाला ३० टक्के आणि मला २१ कसे?

सायली_लीड्स

नमस्कार मंडळी. इथे आनुवंशिकतेतले जाणकार आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारते आहे.

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातली. १९५०च्या दशकात ती नर्स म्हणून इंग्लंडला आली. आजोबा सांगलीचे, लीड्सला कापडतंत्र शिकायला आलेले. लग्न तिथेच झालं, बाबाही तिथेच जन्मले, आणि बाबा लहान असतानाच सगळे पुण्याला परतले. आजी शेवटपर्यंत पुण्यातच राहिली. आई अमरावतीची, तिच्या माहेरचे सगळे वऱ्हाडातले.

दादा गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आला होता तेव्हा आम्ही दोघांनी एकाच कंपनीकडे लाळेचे नमुने पाठवले. दादाच्या अहवालात ‘ब्रिटिश आणि आयरिश’ ३० टक्के, माझ्यात २१. भारतीय भागातही फरक आहे: त्याला ‘गुजराती पाटीदार’ ११ टक्के, मला ४. शिवाय मला फिनलंड १ टक्का, त्याला नाही.

दादानं हौसेनं दोन्ही अहवाल घरच्या ग्रुपवर टाकले. त्यावर नात्यातल्या एका काकांनी लिहिलं, “सख्ख्यांत एवढा फरक नसतो, एकदा नीट चौकशी करून घ्या.” आईनं ते वाचलं. ती काही बोलली नाही, पण त्या ग्रुपवर तिनं लिहिणं बंद केलंय. मला हे मनातून फार लागलंय, म्हणून नीट समजून घ्यायचं आहे. आजी एकच असेल तर दोघांना पंचवीस-पंचवीसच यायला हवेत ना?

---

हेमंत_ठाणे

सोपं आहे. मुलाला वडिलांकडून वाय गुणसूत्र मिळतं, मुलीला मिळत नाही. त्यामुळे दादाकडे वडिलांची बाजू जास्त उतरणार, आणि आजी वडिलांच्या बाजूची आहे. शिवाय पंचवीस टक्के ही सरासरी आहे, नेमका आकडा नव्हे. काळजी करू नका.

---

वैशाली_ग

सायली, माझं काम रोज याच विषयातलं आहे (रुग्णालयातली आनुवंशिकी प्रयोगशाळा), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हेमंत, सरासरीचं बरोबर आहे, पण वायचं कारण इथे उलटं पडतं. दादाचा वाय बाबांकडून आला, बाबांचा आजोबांकडून. म्हणजे तो सांगलीचा आहे, त्यात कॉर्कचं काहीच नाही. उलट आजीचा हक्काचा वाटा सायलीकडे आहे. बाबांकडे एक्स गुणसूत्र एकच, आणि ते त्यांना आईकडून, म्हणजे आजीकडून मिळालेलं. वडील मुलीला एक्स देतात ते जवळजवळ जसंच्या तसं, कारण त्याला अदलाबदल करायला जोडीदारच नसतो. म्हणजे सायलीच्या दोन एक्सपैकी एक पूर्णपणे आयरिश असणार, आणि दादाला आजीचं एक्स मिळणं शक्यच नाही. कंपनी टक्केवारीत एक्स धरत असेल (काही धरतात, काही नाही) तर सायलीचा आकडा त्यामुळे एखाद्या टक्क्यानं वरच गेला असेल. तरीही तो २१च आहे, म्हणजे कारण बाकीच्या बावीस जोड्यांमध्ये शोधायला हवं.

बाबांकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती आहेत: एक आजीकडून आलेली, एक आजोबांकडून. मुलाला देताना बाबा दोन्हीपैकी एकच देतात, पण आधी त्या दोन प्रतींमध्ये काही ठिकाणी तुकड्यांची अदलाबदल होते. पुरुषाच्या एका शुक्रपेशीत बावीस गुणसूत्रांवर मिळून असे सांधे सरासरी सव्वीसच्या आसपास असतात. बाईच्या बीजांडात चाळीसच्या वर. सव्वीस सांधे बावीस गुणसूत्रांवर म्हणजे फार थोडे. लांबलचक पहिल्या गुणसूत्रावर दोन येतील, पण एकविसावं-बाविसावं निम्म्या वेळा अखंडच जातं, पूर्ण आजीचं किंवा पूर्ण आजोबांचं.

तेव्हा बाबांनी दिलेल्या निम्म्या भागात आजी किती आणि आजोबा किती, हे अशा मोजक्या, मोठमोठ्या तुकड्यांवर ठरतं. लाखो बारीक कणांवर ठरलं असतं तर दोघांनाही अगदी पंचवीसच्या जवळ आकडा आला असता. तुकडे थोडे आणि मोठे, म्हणून एका आजीचा वाटा सतरा टक्क्यांपासून तेहतीस-चौतीसपर्यंत कुठेही पडू शकतो. तुमचं गणित मांडून बघ: तुला बाबांकडून आलेल्या पन्नासात आजी एकवीस, म्हणजे आजी साधारण बेचाळीस आणि आजोबा अठ्ठावन्न टक्के. दादाकडे आजी साठ, आजोबा चाळीस. दोन्ही आकडे अगदी नेहमीचे. आम्ही असं पाहतो तेव्हा कुणी दुसऱ्यांदा वळूनही बघत नाही.

आणि एक गोष्ट काकांसाठी. सख्खेपणा या टक्क्यांवरून कुणी ठरवत नाही. तो दोघांचे नमुने एकमेकांशी जुळवून ठरतो. अहवालात नातेवाइकांची यादी असेल, तिथे दादासमोर काय लिहिलंय ते बघून सांग.

---

सायली_लीड्स

वैशालीताई, मनापासून आभार. यादीत दादा सगळ्यात वर आहे, ‘भाऊ’ असंच लिहिलंय, आणि जुळणाऱ्या डीएनएची लांबी २,५८० सेंटीमॉर्गन. पण खाली लिहिलंय ३७ टक्के सामाईक! सख्ख्या भावंडांत पन्नास हवेत ना? हा आकडा काकांच्या हाती लागला तर पुन्हा तेच सुरू होईल.

---

वैशाली_ग

हा मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे, आणि तो समजला की काकांचा प्रश्न कायमचा मिटतो.

दोन सख्खी भावंडं शेजारी ठेवली की गुणसूत्रांवर तीन प्रकारचे पट्टे दिसतात. साधारण चौथाई भागात दोघांना आईकडूनही तेच मिळालेलं असतं आणि वडिलांकडूनही तेच, म्हणजे दोन्ही प्रती जुळतात. निम्म्या भागात एकच बाजू जुळते. उरलेल्या चौथाईत काहीच जुळत नाही, तिथे ती दोघं आनुवंशिक दृष्टीनं परक्यासारखीच असतात. काही कंपन्या दोन्ही प्रती जुळणारा भाग दोनदा मोजतात, तिथे पन्नासच्या आसपास आकडा येतो. काही कंपन्या तो एकदाच मोजतात, तिथे सदतीस-अडतीस येतो. तुमची दुसऱ्या प्रकारची. तिथे सख्ख्या भावंडांचा आकडा सरासरी २,६०० सेंटीमॉर्गनच्या आसपास असतो, तुमचा २,५८० आहे. सावत्र भावंडांत तो सतराशे-अठराशेच्या जवळपास असतो.

पण आकड्यापेक्षा पक्का पुरावा म्हणजे तो दोन्ही प्रती जुळणारा चौथाई भाग. सावत्र भावंडांत आई किंवा वडील वेगळे, म्हणून तिथे असे पट्टे जवळजवळ नसतातच. बघायचं असेल तर दोघांच्या कच्च्या डेटाच्या फाइली GEDmatch वर टाक आणि एकास-एक तुलना कर. हिरवा पट्टा म्हणजे दोन्ही प्रती जुळतात, पिवळा म्हणजे एक, लाल म्हणजे काहीच नाही. फाइल चढवण्याआधी मात्र तिथले पोलिसांच्या शोधासंबंधीचे पर्याय नीट वाच. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला एक जुना खुनी याच संकेतस्थळावरच्या दूरच्या नातेवाइकांमुळे सापडला. त्यानंतर तिथे संमतीचा पर्याय वेगळा ठेवला आहे, आणि तुझी फाइल म्हणजे निम्मी दादाचीही असते. त्याला विचारूनच कर.

---

मंजिरी_नागपूर

हे वाचून मला आमच्या घरचं आठवलं, विषय थोडा वेगळा असेल तर माफ करा. माझ्या मोठ्या भावाला बोनमॅरो हवा होता तेव्हा आम्हा उरलेल्या तिघा भावंडांची तपासणी झाली. धाकट्याचं पूर्ण जुळलं, माझं अर्धं, आणि मधलीचं काहीच नाही. ती बिचारी किती दिवस रडत होती, मी याची बहीणच नाही का म्हणून. डॉक्टरांनी ‘असं होतं’ एवढंच सांगितलं. हे तेच आहे का?

---

वैशाली_ग

विषय अजिबात वेगळा नाही, मंजिरी, अगदी तेच आहे. बोनमॅरोसाठी जी जनुकं बघतात ती सहाव्या गुणसूत्राच्या एका छोट्या भागात एकमेकांना लागून आहेत आणि बहुतेक वेळा एकत्रच खाली येतात. त्या एका जागेवर धाकटा हिरव्या पट्ट्यात पडला, तू पिवळ्या, मधली लाल. सख्ख्या भावंडात पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, काहीच न जुळण्याचीही चारात एक. दुसऱ्या एखाद्या गुणसूत्रावर मधलीचं आणि भावाचं पूर्ण जुळत असेल, फक्त ते कुणी तपासलेलं नाही. तिला हे जरूर सांगा.

---

हेमंत_ठाणे

वायबद्दलची दुरुस्ती मान्य, एक्सचं मला माहीतच नव्हतं. पण एक शंका उरते. ३० आणि २१ मधला फरक खरोखर वारशातला आहे आणि कंपनीच्या अंदाजातला घोळ नाही, हे कशावरून? २०१९ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीनं एका पत्रकार बाईंचे आणि त्यांच्या जुळ्या बहिणीचे नमुने पाच कंपन्यांना पाठवले होते. एकरूप जुळ्या, म्हणजे डीएनए जवळपास तोच, तरी एकाच कंपनीकडून दोघींना थोडे वेगळे आकडे आले, आणि पाच कंपन्यांची तर पाच वेगळी चित्रं. भारतीय भागातल्या फरकाचं म्हणाल तर आई वऱ्हाडची असल्यामुळे सायलीत ‘दक्षिणेकडचं’ जास्त उतरलं असेल, असा माझा अंदाज.

---

वैशाली_ग

शंका रास्त आहे. सायलीच्या अहवालात दोन्ही गोष्टी आहेत, फक्त वेगवेगळ्या ओळींत.

कंपनी काय करते? तुमचा डीएनए छोट्या-छोट्या खिडक्यांत तोडते, प्रत्येक खिडकी आपल्याकडच्या नमुनासंचातल्या कुठल्या गटाशी जास्त मिळते ते बघते, आणि शेजारच्या खिडक्यांशी ताळमेळ घालून लेबल लावते. आयर्लंड आणि महाराष्ट्र इतके दूर आहेत की त्या दोघांत गल्लत होणं अवघड. शिवाय आजीचे तुकडे ताजे आहेत, अर्धं-अर्धं गुणसूत्र व्यापणारे. म्हणून ‘युरोपीय विरुद्ध भारतीय’ ही रेघ भरवशाची, आणि तुमचा नऊ टक्क्यांचा फरक मी वारशातलाच मानेन. त्या जुळ्या बहिणींचे आकडे जिथे हलले ते युरोपातल्या युरोपात, शेजारच्या लेबलांमध्ये.

‘गुजराती पाटीदार’ची गोष्ट निराळी. आपल्या बहुतेक सगळ्यांमध्ये तेच दोन-तीन प्राचीन प्रवाह मिसळलेले आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं ती मोठी सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीची धरली. इतक्या पिढ्यांत तुकड्यांचा पार चुरा झालेला असतो. त्यात कंपनीच्या नमुनासंचात पाटीदारांची वेगळी ओळ आहे आणि सांगलीकर किंवा वऱ्हाडी अशी ओळ नाही. मग यंत्र आपल्या तुकड्याला उपलब्ध लेबलांपैकी जवळचं लावतं, कधी हे, कधी ते. यावरून आईच्या वऱ्हाडीपणाबद्दल काहीच म्हणता येत नाही, हेमंत. पुढच्या सुधारित आवृत्तीत ते ११ आणि ४ कदाचित दोन्ही शून्य होतील, तुमची लाळ तीच असूनही.

फिनलंडचा एक टक्का तर मी सोडूनच देईन. बाबा आणि आई दोघांचीही तपासणी झाली आणि दोघांतही फिनलंड नसेल, तर तो तुझ्यात आला कुठून? काही कंपन्यांच्या पानावर विश्वासपातळी ५० वरून ९० टक्क्यांवर नेता येते. तुझ्याकडे ती सोय असेल तर नेऊन बघ, काय टिकतं ते.

---

अण्णा_चिपळूण

तुम्ही सगळे टक्क्यांत अडकला आहात. आमच्या कुलवृत्तांतात मूळपुरुषापासून सगळी शाखावार नोंद आहे, मी त्यांचा दहाव्या पिढीतला वंशज. ते गृहस्थ कुठून आले, कुठे वस्ती केली, कुणाला किती मुलं, सगळं छापलेलं. वंश म्हणजे हा. लाळेच्या बाटलीतून तो कसा कळणार? त्या मूळपुरुषाचं रक्त माझ्यात आहे, हे सांगायला मला कुठल्या कंपनीची गरज नाही.

---

वैशाली_ग

अण्णा, कुलवृत्तांत मौल्यवान आहेच, डीएनए त्याची जागा घेऊ शकत नाही. पण तुमचं शेवटचं वाक्य तपासून बघण्यासारखं आहे.

दहा पिढ्या मागे गेलं की वंशवृक्षात पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. तुमच्या डीएनएचे मात्र इतके तुकडे होत नाहीत. दर पिढीत आईच्या आणि वडिलांच्या प्रत्येक बाजूला सरासरी तेहतीसच्या आसपास नवे सांधे पडतात असं धरलं, तर दहाव्या पिढीपर्यंत तुमचा डीएनए साधारण साडेसहाशे तुकड्यांत विभागलेला असतो. १,०२४ माणसं आणि साडेसहाशे तुकडे. काहींच्या वाट्याला दोन-तीन येतात, निम्म्याहून जास्त लोकांच्या वाट्याला एकही येत नाही. ते तुमचे पूर्वज असतात, कागदोपत्री आणि खरोखरही, पण त्यांचा डीएनए तुमच्यात नसतो. फक्त बापाकडून बापाकडे जाणाऱ्या रेषेत सांधे अजून कमी, म्हणून तुमच्या मूळपुरुषाचा एखादा तुकडा तुमच्यात असण्याची शक्यता मी चाळीस टक्क्यांच्या आसपास धरेन.

तुमच्याकडे त्याचा वाय मात्र आहे, मधे कुठे दत्तक नसेल तर. तुमच्या सख्ख्या बहिणीकडे तोही नाही. ती त्याच माणसाची तितकीच वंशज आहे आणि तिच्यात त्याचा अंशही नसण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. आणि कुलवृत्तांतात त्या पिढीतल्या १,०२४ जागांपैकी किती माणसांची नावं आहेत? नवरा-बायको धरून दोन.

---

अण्णा_चिपळूण

बायकांची माहेरं जुन्या नोंदींत नाहीत, हे खरं आहे आणि ते मला खटकतंही. दत्तकं आमच्या शाखेत दोन आहेत, छापलेली आहेत, त्यामुळे वायचंही माझ्यापुरतं अवघडच. पण तुमच्या १,०२४च्या हिशोबाला माझी हरकत आहे. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या त्याच दहा-बारा गावांत सोयरिकी होत आल्या. १,०२४ वेगळी माणसं आणणार कुठून? एकच माणूस आईकडूनही पूर्वज आणि वडिलांकडूनही.

---

वैशाली_ग

ही हरकत बिनतोड आहे. जागा १,०२४, माणसं त्याहून बरीच कमी. एकच माणूस चार-पाच जागांवर बसला असेल तर त्याचा तुकडा पोचण्याची शक्यता तेवढी वाढते, त्यामुळे माझे चाळीस टक्के तुमच्यासाठी कमीच पडतील. किती कमी, हे सगळ्या माहेरांची नोंद असल्याशिवाय सांगता येणार नाही. याच कारणामुळे आपल्याकडच्या मंडळींना कंपन्या ‘चौथे चुलत भाऊ’ म्हणून शेकडो लोक दाखवतात. त्यातले बरेच जण त्याहून दूरचे, पण अनेक वाटांनी जोडलेले असतात.

---

एलिझा_अश्दोद

धागा मन लावून वाचते आहे. आम्ही बेने इस्रायल, माझं माहेर अलिबागजवळचं, आता अश्दोदला. घरी आम्ही अजून मराठीच बोलतो. आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि वाचलेली सात जोडपी तिथे वसली, असं आम्ही लहानपणापासून ऐकलंय. मी आणि माझ्या बहिणीनं तपासणी केली. तिला ३ टक्के मध्यपूर्व आलं, मला शून्य. आता इथे लोक आम्हाला विचारतात, मग तुमची गोष्ट खरी का खोटी? वैशालीताई, सायलीसारखंच म्हणायचं का हे?

---

वैशाली_ग

नाही, एलिझा, तुमची गोष्ट वेगळी आहे.

बेने इस्रायल समाजावर २०१६ मध्ये एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात समाजात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वारशांचा भरीव वाटा दिसला, आणि सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची असावी असा अंदाज निघाला. म्हणजे समाज म्हणून तुमच्या परंपरेला आधार आहे. गलबत आणि सात जोडप्यांबद्दल मात्र डीएनए काही बोलत नाही, ती नोंद तुमच्या घराघरांतलीच.

आता तुमचे ३ आणि शून्य. सायलीच्या आजीचे तुकडे पन्नास-शंभर सेंटीमॉर्गनचे, तुमचे इतक्या पिढ्यांनंतर चार-पाच सेंटीमॉर्गनचे. संख्येनं ते भरपूर आणि सगळीकडे विखुरलेले, म्हणून खऱ्या वारशात दोन सख्ख्या बहिणींमध्ये फार तफावत पडायला नको. इतके छोटे तुकडे ओळखणं मात्र यंत्राला जड जातं. शेजारच्या खिडक्यांशी ताळमेळ घालताना ते सरळ ‘भारतीय’मध्ये पुसले जातात. त्यामुळे शून्य म्हणजे वारसा नाही असं मी म्हणणार नाही. बहिणीचे ३ खरे की योगायोगाचे, हेही या अहवालावरून सांगता येत नाही. मामा किंवा आत्या यांच्यापैकी कुणाची तपासणी झाली आणि त्यांच्यातही गुणसूत्रावर त्याच जागी तेच लेबल आलं, तर मी ते गंभीरपणे घेईन.

---

एलिझा_अश्दोद

आत्या दिमोनाला असते, तयार होईल. पण आमच्यात सगळे एकमेकांचे दोन-तीन बाजूंनी नातेवाईक, अण्णांनी सांगितलं तसंच. मग तुकडा आत्याच्या बाजूचा की आईच्या, हे कसं ओळखायचं?

---

वैशाली_ग

तिथेच अडतं. आई असेल तर तिची तपासणी आत्याच्याही आधी करा. आईत तो तुकडा नसेल तर तो वडिलांकडून आला एवढं तरी ठरतं. दोघींतही असेल तर माझ्याकडे याहून चांगला उपाय नाही.

---

सुनील_डब्लिन

सायली, एक वेगळा मुद्दा. तुझी आजी आयर्लंडमध्ये जन्मलेली आहे. तेवढ्यावर तुला आणि दादाला फॉरिन बर्थ्स रजिस्टरमध्ये नोंद करून आयरिश नागरिकत्व घेता येतं. बाबांना तर नोंदणीचीही गरज नाही, आई आयर्लंडमध्ये जन्मलेली म्हणून ते जन्मतः नागरिक. तिथे कुणी टक्के विचारत नाही. आजीचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला, बाबांचा जन्मदाखला, तुमचे दाखले, ओळखपत्रं. २१ असो की ३०, फाइल सारखीच. दादाचं मात्र नीट बघा, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्यानं ते घेतलं तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल.

---

सायली_लीड्स

सुनील, हे डोक्यातच आलं नव्हतं. आजीचा जन्मदाखला आमच्याकडे आहे, लग्नाचा इथल्या नोंदणी कार्यालयातून मागवते. दादा म्हणतो तो भारतीयच राहणार.

मधल्या काळात बाबा इकडे आले होते, त्यांचाही नमुना दिला. अहवाल आलाय: ब्रिटिश-आयरिश ४९ टक्के, फिनलंड नाही. आईच्या बाजूची मावशी इथे मँचेस्टरला असते, तिनंही केली, तिच्यात युरोपातलं काहीच नाही. म्हणजे माझं फिनलंड गेलंच म्हणायचं.

दादाला विचारून GEDmatch वरही तुलना केली. सहाव्या गुणसूत्राचा मधला मोठा भाग हिरवा, दहावं बरंचसं पिवळं, आणि पंधरावं अर्ध्याहून जास्त लाल. हिरवं सगळं मिळून चौथाईच्या जवळ जातं. मग कंपनीच्या पानावर आम्हा दोघांचं पंधरावं उघडलं. दादाची बाबांकडून आलेली प्रत या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी, म्हणजे अख्खी आजीची. माझी तीच प्रत पूर्ण भारतीय, अख्खी आजोबांची. एक्सवर उलट: माझी एक प्रत संपूर्ण निळी, दादाकडे निळं काहीच नाही. वैशालीताईंनी न बघता सांगितलं होतं तसंच.

आईला हिरवे-पिवळे पट्टे दाखवले आणि मंजिरीताईंच्या भावाची गोष्ट सांगितली. तेच चित्र मी ग्रुपवर टाकलं आणि काकांना नाव घेऊन लिहिलं की चौकशी झाली आहे. त्यांचं उत्तर अजून नाही. आई म्हणाली, त्यांनी माफी मागितल्याशिवाय ती तिथे लिहिणार नाही, आणि मला ते पटतं.

एक प्रश्न उरलाच. आजीचा जेवढा डीएनए बाबांमध्ये होता, त्यातला आम्हा दोघांत मिळून किती आला असेल? आता आजी नाही, आणि आम्ही दोघंच भावंडं.

---

वैशाली_ग

दोन मुलांत मिळून एका पालकाचा सरासरी पाऊण भाग येतो. तुमच्यात आजीचे तुकडे नेमके किती ठिकाणी एकमेकांवर पडतात ते मोजता येईल: दोघांच्या अहवालांतली निळ्या पट्ट्यांची सुरुवात आणि शेवट गुणसूत्रवार एका तक्त्यात मांड, जे भाग दोघांतही आहेत ते एकदाच मोज, आणि त्याची बेरीज बाबांच्या निळ्याशी ताडून बघ. पंधरावं तर दादामुळे पूर्ण आलंच. एक्स तुझ्यामुळे. बाबांना भाऊ-बहीण आहेत का? असतील तर आजीचा जो निम्मा भाग बाबांपर्यंत आलाच नाही, त्यातला बराचसा त्यांच्याकडे मिळेल.

---

सायली_लीड्स

एक आत्या आहे, कोल्हापूरला. तक्ता करायला घेते आणि इथेच टाकते.